१९२९ची जागतिक महामंदी : न्यूयॉर्कचा शेअर बाजार पडला आणि पाथरीचा कापूस निम्म्यावर का आला?

पाथरी म्हणजे परभणी जिल्ह्यातलं गोदावरी खोऱ्यातलं काळ्या जमिनीचं गाव. १९२९ साली हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. इंग्रजांचं थेट राज्य नाही, नाणं वेगळं, सारा वसूल करणारी यंत्रणा वेगळी. न्यूयॉर्कचं नावही इथल्या बहुतेक कुणबी-शेतकऱ्यांनी ऐकलेलं नसणार. तरीही अमेरिकेतला शेअर बाजार कोसळल्यानंतरच्या दोन वर्षांत इथल्या कापसाचा भाव निम्म्याच्या आसपास आला. पीक बुडालं नव्हतं, टोळधाड नव्हती, दुष्काळ नव्हता. शेतात कापूस होता, पण त्याला किंमत नव्हती.

हे कसं झालं ते समजलं की ‘जागतिक महामंदी’ हा पुस्तकी शब्द बराच सोपा होतो.

कापूस जात कुठे होता?

तेव्हा पाथरीला रेल्वे नव्हती. कापूस बैलगाडीनं मानवतकडे जायचा. मानवत ही जवळची मोठी बाजारपेठ. तिथून मानवत रोड स्टेशन गाठलं की मनमाड ते सिकंदराबाद जाणारी रेल्वे मिळायची. ही लाईन १९००च्या सुमारास सुरू झाली आणि तिनं मराठवाड्याची शेती बदलून टाकली. आधी घरच्या ज्वारीपुरती शेती करणारा माणूस आता विकण्यासाठी कापूस लावू लागला. रेच्यावर सरकी वेगळी व्हायची, रुईच्या गाठी बांधल्या जायच्या, मनमाडला छोट्या रुळांवरून मोठ्या रुळांवर चढून त्या मुंबईला पोचायच्या.

मुंबईत कापसाचा बाजार शिवडीला भरायचा. आज हार्बर लाईनवर ‘कॉटन ग्रीन’ नावाचं स्टेशन लागतं, ते नाव त्याच बाजाराचं. तिथून काही कापूस मुंबईच्या गिरण्यांत जाई आणि बराचसा बोटीनं परदेशी. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक जपान. ओसाकाच्या सूतगिरण्यांना भारताचा आखूड धाग्याचा स्वस्त कापूस हवा असायचा.

भाव मात्र ना मानवतला ठरायचा, ना ओसाकाला. तो न्यूयॉर्क आणि लिव्हरपूलच्या वायदेबाजारात ठरायचा आणि तारेनं मुंबईत यायचा. (मुंबईचा मटका मुळात याच आकड्यांवर सुरू झाला. न्यूयॉर्कला कापूस कितीवर उघडला आणि कितीवर बंद झाला, यावर लोक पैसे लावायचे.) मुंबईचा भाव पाहून मानवतचा अडत्या आपला भाव सांगायचा. शेतकऱ्याला दिसायचा तो फक्त अडत्या.

अमेरिकेत काय बिघडलं?

‘शेअर बाजार पडला म्हणून मंदी आली’ असं सगळीकडे लिहिलेलं असतं. ते अर्धंच खरं आहे.

पहिल्या महायुद्धात युरोपातली शेती बंद पडली, तेव्हा अमेरिका, कॅनडा, अर्जेंटिना, ऑस्ट्रेलिया या देशांनी गव्हासारख्या शेतमालाचं उत्पादन खूप वाढवलं. युद्ध संपलं, युरोपची शेतं पुन्हा पिकू लागली, पण वाढलेलं उत्पादन कुणी कमी केलं नाही. माल गोदामांत साठत गेला. साठा धरून ठेवायला पैसा लागतो, आणि तो अमेरिकन बँकांच्या कर्जातून येत होता. म्हणजे शेतमालाचे भाव कर्जाच्या टेकूवर उभे होते. जर्मनीचंही तसंच. युद्धाची नुकसानभरपाई देण्यासाठी जर्मनी अमेरिकेकडून उसनं घेत होता.

१९२८ मध्ये अमेरिकेचा शेअर बाजार इतका चढला की बाहेरच्या देशांना कर्ज देण्यापेक्षा तिथेच पैसा लावणं फायद्याचं झालं. दहा डॉलर खिशातले आणि नव्वद उसने, अशा पद्धतीनं लोक शेअर घेत होते. पैसा जगभरातून न्यूयॉर्ककडे ओढला गेला. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेनं ही सट्टेबाजी थांबवायला व्याजदर वाढवले, ऑगस्ट १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा दर ६ टक्क्यांवर गेला. त्यामुळे शेतमालाखालचा टेकू आणखी डळमळला.

मग आले २४ आणि २९ ऑक्टोबर १९२९ हे दोन दिवस. आपल्याकडे दिवाळी तोंडावर होती. उसन्या पैशावर घेतलेले शेअर पडू लागले की सावकार पैसे परत मागतो, पैसे द्यायला शेअर विकावे लागतात, विकले की भाव आणखी पडतो. सप्टेंबर १९२९ मध्ये ३८१वर असलेला डाऊ जोन्स निर्देशांक जुलै १९३२ मध्ये ४१वर आला.

पण खरी मंदी आणली ती त्यानंतरच्या दोन गोष्टींनी. पहिली म्हणजे बँका. ठेवींना विम्याचं संरक्षण नव्हतं. एक बँक बुडाल्याची बातमी आली की पुढच्या बँकेसमोर रांग लागायची, आणि कोणतीही बँक सगळ्यांचे पैसे एकाच दिवशी देऊ शकत नाही. १९३० ते १९३३ या काळात अमेरिकेत सुमारे ९ हजार बँका बंद पडल्या. ठेवी गेल्या आणि व्यापाऱ्यांना मिळणारं कर्जही गेलं. कर्ज नाही म्हणून गोदामातला माल मिळेल त्या भावानं बाहेर आला, आणि कापूस, गहू, कॉफी, रबर सगळं एकदम घसरलं.

दुसरी गोष्ट जकातीची. जून १९३० मध्ये अमेरिकेनं आयात मालावर जबर कर लावणारा स्मूट-हॉली कायदा केला. राष्ट्राध्यक्ष हूवर यांनी त्यावर सही करू नये, असं पत्र हजाराहून जास्त अर्थतज्ज्ञांनी दिलं होतं. सही झालीच. बाकीच्या देशांनीही उत्तरादाखल आपापल्या भिंती उभ्या केल्या, आणि १९३३ पर्यंत जगाचा व्यापार किमतीच्या हिशेबात १९२९च्या एक तृतीयांशावर आला.

निजामाचं वेगळं नाणं असूनही पाथरी का वाचली नाही?

हैदराबादचं स्वतःचं चलन होतं, हाली सिक्का. इंग्रजी रुपयाला लोक ‘कलदार’ म्हणत. ७ हाली रुपये म्हणजे ६ कलदार, असा दोघांचा दर जवळपास बांधलेला होता. कलदार रुपया ब्रिटिश पौंडाशी बांधलेला होता, एका रुपयाला १८ पेन्स. पौंड सोन्याशी बांधलेला होता आणि सोन्याशीच डॉलरही. म्हणजे मानवतच्या बाजारातला हाली रुपया तीन गाठींनी न्यूयॉर्कच्या तिजोरीशी जोडलेला होता.

सोन्याशी बांधलेल्या चलनाची अडचण अशी की देशातून सोनं बाहेर जायला लागलं की सरकारला चलन आखडावं लागतं आणि व्याज वाढवावं लागतं. मंदीत नेमकं याच्या उलट करायला हवं. लोकांकडे पैसा कमी आणि सरकार आणखी कमी करतंय, असं जगभर एकाच वेळी चाललं होतं. भारतातही १८ पेन्सचा दर टिकवण्यासाठी सरकारनं चलन आखडून धरलं.

हा १८चा आकडा त्या काळी मोठ्या भांडणाचा विषय होता. समजा लिव्हरपूलला एक पौंड वजनाच्या रुईला ६ पेन्स मिळाले. रुपया १८ पेन्सचा असेल तर त्याचे ५ आणे ४ पै होतात. रुपया १६ पेन्सचा असता तर पूर्ण ६ आणे झाले असते. बाकी काहीही न बदलता शेतकऱ्याच्या हाती आठवा हिस्सा जास्त आला असता. मुंबईच्या कापूस बाजाराचे धुरीण सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी १९२६च्या चलन आयोगात बसून १८ पेन्सविरुद्ध वेगळी टिपणी लिहिली. जानेवारी १९३० मध्ये गांधीजींनी व्हाइसरॉय आयर्विनपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यांत मीठ तर होतंच, पण रुपया १६ पेन्सवर आणा आणि जमीन सारा निम्मा करा, याही होत्या. मिठाची आठवण राहिली आणि १६ पेन्सची विसरली गेली.

सरकार मात्र १८ सोडायला तयार नव्हतं. कारण भारत सरकारला दरवर्षी लंडनला मोठी रक्कम पाठवावी लागे, गोऱ्या अधिकाऱ्यांची पेन्शन, कर्जावरचं व्याज वगैरे. रुपया महाग असला की ही रक्कम कमी रुपयांत भागायची.

एका शेतकऱ्याचा हिशेब

आता हे सगळं शेतावर आणून पाहू. पुढचे आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत, कुठल्या नोंदीतले नाहीत. पण हिशेबाची रीत तीच आहे.

एका शेतकऱ्याकडे वीस एकर काळी जमीन आहे. दहा एकरांत घरासाठी ज्वारी, दहा एकरांत कापूस. कापूस निघतो २५ मण. भाव मणाला ८ रुपये, म्हणजे हातात २०० रुपये. जमिनीचा सारा ३० रुपये. मुलीच्या लग्नासाठी सावकाराकडून घेतलेलं कर्ज २०० रुपये, व्याज शेकडा १८, म्हणजे वर्षाला ३६ रुपये. सारा आणि व्याज मिळून ६६ गेले, उरले १३४. त्यात मीठ, तेल, कापड, बैलाची पेंड, सालगड्याचं देणं.

पुढच्या वर्षी पीक तेवढंच आलं, पण भाव ४ रुपये झाला. हातात आले १००. सारा तोच ३०, कारण तो पिकाच्या किमतीवर नाही, जमाबंदीत ठरलेल्या रोख रकमेवर होता. व्याज तेच ३६. उरले ३४.

भाव निम्मा झाला, पण उरलेली रक्कम पावपट झाली. मंदीचा सगळा मार इथे आहे. मालाची किंमत घसरते तेव्हा देण्याची रक्कम सोबत घसरत नाही.

कर्जाचंही तसंच. आधी २०० रुपयांचं मुद्दल फेडायला २५ मण कापूस लागायचा, आता ५० मण. एक पैसाही नवा न घेता कर्ज दुप्पट झालं. ३४ रुपयांत वर्ष निघत नाही, म्हणून व्याज थकतं. थकलेलं व्याज मुद्दलात मिळवून नवा कागद होतो. नव्या कागदाला तारण लागतं, म्हणून जमीन गहाण पडते.

इथे एक प्रश्न सहज पडतो. भाव पडला तर शेतकऱ्यानं कापूस कमी का लावला नाही? गिरणीमालक माल खपेना की पाळी कमी करतो, कामगार घरी पाठवतो. अमेरिकेत १९३३ मध्ये कामकरी लोकांपैकी जवळपास चौथा हिस्सा असा घरी बसला होता. शेतकऱ्याला ही सोय नाही. सारा रोख भरायचा असतो आणि रोख फक्त कापूस देतो. भाव निम्मा झाला तर तेवढीच रक्कम उभी करायला दुप्पट कापूस हवा. प्रत्येकजण असं करू पाहतो आणि बाजारात माल आणखी वाढतो. म्हणूनच कारखान्यांच्या मंदीत बेकारी दिसली आणि शेतीच्या मंदीत कर्ज. पाथरीत कुणाला ‘बेकार’ झाल्याचं पत्र आलं नाही, त्यामुळे इथली मंदी आकडेवारीत फारशी दिसतच नाही.

सगळेच बुडाले असं मात्र नाही. ठरावीक पगार घेणाऱ्या कारकुनाला, शिक्षकाला स्वस्त ज्वारी आणि स्वस्त कापड मिळालं. ज्याच्याकडे रोकड होती त्याला जमीन स्वस्त मिळाली.

१९३१ : घरातलं सोनं बाहेर पडलं

मे १९३१ मध्ये ऑस्ट्रियाची सगळ्यात मोठी बँक, क्रेडिटआनस्टाल्ट, अडचणीत आली. जुलैत जर्मनीच्या बँका बंद ठेवाव्या लागल्या. लोक इंग्लंडकडून सोनं मागू लागले आणि २१ सप्टेंबर १९३१ रोजी ब्रिटननं पौंडाची सोन्याशी असलेली गाठ सोडली.

ब्रिटनला याचा फायदा झाला. पौंड स्वस्त झाला, व्याज उतरवता आलं. रुपयाची पौंडाशी असलेली १८ पेन्सची गाठ मात्र तशीच ठेवली गेली. त्यामुळे पौंडासोबत रुपयाही सोन्याच्या तुलनेत घसरला, म्हणजेच भारतात सोनं महाग झालं. तोळ्याला २१-२२ रुपयांचा भाव तिशीच्या वर गेला आणि पुढे ३५च्या आसपास पोचला.

दोन वर्षं सारा आणि व्याजाखाली दबलेल्या घरांसाठी हा एकमेव महाग झालेला माल होता. पुतळ्या, वाक्या, एकदाणी सराफाकडे गेली. सराफाकडून सोनं वितळून मुंबईला, मुंबईहून बोटीनं लंडनला. १९३१ ते १९३७ या काळात भारतातून सुमारे ३०० कोटी रुपयांचं सोनं बाहेर गेलं. शतकानुशतकं सोनं भारतात येत होतं, ते पहिल्यांदाच एवढ्या प्रमाणात उलटं वाहिलं. निर्यातीवर बंदी घाला, अशी मागणी भारतीय व्यापाऱ्यांनी केली. सरकारनं ती मानली नाही, कारण याच सोन्यामुळे लंडनची देणी भागत होती आणि पौंड सावरत होता. लोक नफा पाहून स्वखुशीनं विकताहेत, असंही सरकारी बाजूनं सांगितलं जाई. ते काही सराफांच्या बाबतीत खरं असेल. साऱ्याचा हप्ता दारात उभा असताना मोडलेल्या दागिन्याला स्वखुशी म्हणणं अवघड आहे.

जपाननं पाठ फिरवली

कापसाचा भाव थोडा सावरतोय असं वाटत असताना दुसरा फटका बसला. डिसेंबर १९३१ मध्ये जपाननंही सोनं सोडलं आणि येन खूप स्वस्त झाला. जपानी कापड भारतात इतकं स्वस्त येऊ लागलं की मुंबई-अहमदाबादच्या गिरण्या ओरडू लागल्या. सरकारनं ब्रिटनबाहेरच्या कापडावर जकात चढवत चढवत जून १९३३ मध्ये ७५ टक्के केली.

जपानी सूतगिरण्यांनी उत्तर दिलं, तुमचा कापूसच घेणार नाही. त्यांनी खरेदी थांबवली. गिरणीला वाचवण्यासाठी लावलेली जकात अशी कापूस पिकवणाऱ्यावर उलटली.

वाटाघाटींनंतर १९३४च्या सुरुवातीला तोडगा निघाला. जपान वर्षाला १० लाख गाठी घेईल, बदल्यात त्याला ३२.५ कोटी वार कापड भारतात विकता येईल. १५ लाख गाठी घेतल्या तर ४० कोटी वार. कापसाच्या बदल्यात कापड, थेट मोजून. खुल्या व्यापाराची घडी किती विस्कटली होती ते या एका करारावरून कळतं.

बाकीच्या जगात

अमेरिकेत १९३३ साली एक विचित्र दृश्य दिसलं. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सरकारनं कापसाचा भाव वाढावा म्हणून शेतकऱ्यांना पैसे देऊन उभ्या पिकात नांगर घालायला लावला. सुमारे एक कोटी एकर कापूस मोडला गेला. ब्राझीलनं कॉफीचे ढीग जाळले. पाथरीचा शेतकरी दुप्पट पेरू पाहत होता आणि अमेरिकेचा शेतकरी न पिकवण्याचे पैसे घेत होता. फरक एवढाच की एकाच्या मागे त्याला पैसे देणारं सरकार होतं आणि दुसऱ्याच्या मागे सारा मागणारं.

जर्मनीत १९३२च्या सुरुवातीला साठ लाखांवर लोक बेकार होते. तिथल्या सरकारनं खर्च कापला, पगार कापले, त्यातून राग वाढला, आणि ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर चॅन्सेलर झाला. मंदी हे त्याचं एकमेव कारण नव्हे, पण १९२८च्या निवडणुकीत तीन टक्क्यांच्या आत असलेला पक्ष चार वर्षांत सर्वांत मोठा झाला, हे मंदीशिवाय समजत नाही.

ज्या देशांनी सोन्याची गाठ लवकर सोडली ते साधारणपणे लवकर सावरले, फ्रान्ससारखे धरून बसलेले उशिरा. भारतात सरकारनं १९३२ मध्ये साखरेला संरक्षण दिलं, त्यामुळे साखर कारखान्यांची संख्या झपाट्यानं वाढली आणि महाराष्ट्राच्या कालव्याखालच्या भागात ऊस पसरला. पाथरीच्या कोरडवाहू कापसाला त्याचा उपयोग नव्हता.

मंदी संपली तेव्हा

१९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात हैदराबाद संस्थानानं शेतजमीन बिगरशेतकऱ्याच्या हाती जाण्यावर बंधनं आणणारे आणि कर्जाची तडजोड घडवणारे कायदे केले. तोवर बरेच कागद झालेले होते.

भाव खऱ्या अर्थानं वर आले ते १९३९ मध्ये दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर. वरच्या हिशेबातल्या शेतकऱ्याकडे तोपर्यंत जमीन टिकली असेल, तर वाढत्या भावात त्याचं कर्ज कमी मण कापसात फिटू लागलं. मंदीत जे उलटं झालं होतं ते आता सुलटं झालं. ज्याचं गहाणखत आधीच खरेदीखत झालं होतं, तो त्याच शेतात बटईनं किंवा सालानं राबत होता, आणि वाढलेला भाव शेत ज्याच्या नावावर होतं त्याला मिळत होता.